विमानतळावर अडकलेले डॉक्टर आणि तुमची एफडी

वाचकाचं पत्र: मी ५४ वर्षांची, इंदूरला शाळेत शिकवते. यजमान जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्याला नोकरीत आहे. दोन महिन्यांपूर्वी लग्न जुळवणाऱ्या एका साइटवर एका डॉक्टरांशी ओळख झाली. लंडनला हाडांचे सर्जन, मूळचे नागपूरचे, विधुर. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ बोलणं होतं. मंगळवारी ते मला भेटायला म्हणून दिल्लीला उतरले आणि कस्टम्सने अडवलं, जवळ ८५ हजार पौंडांचा ड्राफ्ट होता म्हणून. कस्टम्सच्या मॅडमचा फोन आला, मी ४८,५०० रुपये भरले. आता मनी लाँडरिंग सर्टिफिकेटचे २ लाख ९० हजार मागताहेत, नाही तर अटक करू म्हणतात. ते फोनवर रडत होते. मुलाला इतक्यात सांगू नकोस म्हणाले. एफडी मोडली तर पैसे होतील. मनात पाल चुकचुकते आहे. पण ते खरंच अडकले असतील आणि मी हात वर केले, तर स्वतःला काय तोंड दाखवू?

ताई,

तुमचं पत्र शुक्रवारी संध्याकाळी मिळालं आणि त्याच रात्री मी तुम्हाला दोन ओळी कळवल्या: आणखी एक रुपयाही भरू नका, आणि लगेच १९३० ला फोन लावा. आता जरा निवांतपणे लिहिते. तुमच्या परवानगीने, तुमची ओळख पटेल असं काही न ठेवता हे छापते आहे, कारण तुमच्या पत्रातली गोष्ट तपशील बदलून माझ्याकडे याआधीही आली आहे.

तुम्ही स्वतःला विचारता आहात की ते डॉक्टर खरे की खोटे. या प्रश्नापाशी तुम्ही चार दिवस अडकल्या आहात, कारण नऊ आठवड्यांच्या आठवणी म्हणतात खरे आणि मनातली पाल म्हणते खोटे. हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. त्याऐवजी दुसरा घ्या, ज्याचं उत्तर त्यांच्या मनात काय होतं यावर अवलंबून नाही: दिल्ली विमानतळावर जे घडलं असं तुम्हाला सांगितलं जातं आहे, ते तसं घडू शकतं का?

नाही घडू शकत. ते डॉक्टर अगदी देवमाणूस असले तरी नाही.

पैशांपासून सुरुवात करते. भारतात येणाऱ्या माणसाने परकीय चलन किती आणावं याला वरची मर्यादा नाही. पाच हजार अमेरिकी डॉलर्सपेक्षा जास्त किमतीच्या नोटा असल्या, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून दहा हजार डॉलर्सच्या वर गेले, तर उतरल्यावर एक घोषणापत्र भरून द्यायचं असतं. त्याला पैसे पडत नाहीत. समजा, कुणी ते भरलं नाही आणि कस्टम्सने खरंच माल किंवा रक्कम अडवून ठेवली, तर त्याची लेखी नोंद होते, प्रवाशाला कागद मिळतो, आणि जो काही दंड ठरेल तो त्या प्रवाशाने सरकारी खात्यात भरायचा असतो, पावती घेऊन. इंदूरच्या एका शिक्षिकेने दुसऱ्याच कुणाच्या बचत खात्यात यूपीआयने पैसे टाकले की दिल्लीचा माणूस सुटला, असा मार्ग त्यात कुठेच नाही.

आता तुमचा मोबाइल उघडा आणि ते ४८,५०० कुणाच्या नावावर गेले ते बघा. तुम्ही मला स्क्रीनशॉट पाठवला आहे, त्यात एका खासगी माणसाचं नाव आणि आडनाव आहे. त्या मॅडमना तुम्ही विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘वो हमारे अकाउंटंट हैं.’ सरकारचा महसूल अकाउंटंटच्या घरच्या खात्यात जमा होत नसतो. अशी खाती बहुतेकदा तिसऱ्याच माणसाची असतात. थोड्या पैशांसाठी त्याने पासबुक आणि एटीएम कार्ड दुसऱ्याच्या हवाली केलेलं असतं. पैसे तिथे थांबत नाहीत, पुढच्या खात्यात जातात किंवा एटीएममधून निघतात. यूपीआयवर घेणाऱ्याचं नाव आधीपासून दिसतं. १ एप्रिल २०२५ पर्यंत एनईएफटी आणि आरटीजीएसलाही ती सोय करावी असं रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना सांगितलं होतं. पैसे पाठवण्याआधी ते नाव मोठ्याने वाचून बघावं, हे मी सगळ्याच वाचकांना सांगेन. घाईत असताना डोळा रकमेवर असतो, नाव नजरेतून सुटतं.

त्यांनी तुम्हाला जे ‘रिलीज ऑर्डर’ पाठवलं त्यावर अशोकस्तंभ आहे, गोल शिक्का आहे, निळ्या शाईची सही आहे. नाही तो एक नंबर. ८ नोव्हेंबर २०१९ पासून कस्टम्सच्या पत्रव्यवहारावर अक्षरं आणि आकडे मिळून वीस चिन्हांचा ओळख क्रमांक असतो, त्याला डीआयएन म्हणतात, आणि तो cbic.gov.in वर टाकून कुणालाही पडताळता येतो. कुणी उद्या तुम्हाला नंबर टाकलेलं सुधारित पत्र पाठवलं तर छापलेल्या नंबरावर विश्वास ठेवू नका, साइटवर टाकून बघा. पत्रात दिलेल्या लिंकवरून जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा.

राहिली अटकेची धमकी. आपल्याकडे कुणालाही अटक केली तर २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं, हे राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमात आहे, आणि परदेशी पाहुण्यालाही त्याचं संरक्षण आहे. शिवाय परदेशी नागरिकाला अडकवलं तर आपल्या देशाच्या वकिलातीला कळवा, असं सांगण्याचा त्याला हक्क असतो. १९६३ च्या व्हिएन्ना करारात तो दिलेला आहे. ब्रिटिश हाय कमिशन दिल्लीतच आहे, चाणक्यपुरीत. मंगळवारी उतरलेला ब्रिटिश डॉक्टर शुक्रवारपर्यंत कस्टम्सच्या खोलीत बसून आहे, हातात मोबाइल आहे, पण तो हाय कमिशनला फोन करत नाही, लंडनच्या हॉस्पिटलला करत नाही, स्वतःच्या बँकेला करत नाही. जिला अजून एकदाही प्रत्यक्ष भेटला नाही त्या तुम्हालाच तेवढा करतो. रडणं बाजूला ठेवून ही एवढीच गोष्ट कागदावर लिहा आणि वाचा.

मनी लाँडरिंग सर्टिफिकेट नावाची वस्तू, जी विकत घेतली की माणूस किंवा ड्राफ्ट सुटतो, ती अस्तित्वात नाही. तुम्ही २ लाख ९० हजार भरले असते तर पुढचा फोन पौंडांचे रुपये करण्याच्या शुल्काचा आला असता, त्यापुढचा इन्कम टॅक्सचा, आणि प्रत्येक वेळी ‘एवढं शेवटचं’ असं ऐकायला मिळालं असतं. पहिली रक्कम पन्नास हजारांच्या आत का ठेवली, माहीत आहे? माझ्या मते ती बचत खात्यातून, कुणाला न विचारता, पाच मिनिटांत निघावी म्हणून. ती निघाली की त्यांना दोन गोष्टी कळतात: तुमचा विश्वास बसला आहे, आणि आता तुम्हाला ते ४८,५०० वाया जाऊ द्यायचे नाहीत. दुसरी रक्कम मात्र तुमच्या एफडीच्या मापाची आहे. तो आकडा त्यांना कुठून कळला, तेच आता सांगते.

तुम्ही पाठवलेलं सगळं बोलणं मी वाचलं. आणीबाणी आली त्या मंगळवारच्या कितीतरी आधी हे काम सुरू झालं होतं. पहिल्या तीन दिवसांतच त्यांनी तुम्हाला साइटवरून व्हॉट्सअ‍ॅपवर आणलं, ‘इथे फार गर्दी आहे’ म्हणून. साइटवर तक्रार झाली तर प्रोफाइल बंद होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्हा दोघांशिवाय बघणारं कुणी नसतं. पहिले दोन आठवडे ते फक्त विचारतात आणि ऐकतात. शाळेत आज कोणता धडा झाला, गुडघा दुखतो का, गणपतीला मुलगा येणार का. एकदा तुम्ही लिहिलंत की नववीतल्या एका मुलीने तुम्ही शिकवलेली कविता पाठ करून म्हटली. चार दिवसांनी त्यांनी त्या मुलीचं नाव घेऊन विचारपूस केली. ताई, सहा वर्षं घरी येऊन ‘आज काय झालं’ असं विचारणारं कुणी नसताना याने माणूस विरघळतो, यात कमीपणा काहीच नाही. पण अशा टोळ्यांत एक नंबर अनेकदा दोघं-तिघं मिळून चालवतात आणि प्रत्येकीबद्दल टिपणं ठेवतात, हेही तितकंच खरं. तुमच्याच बोलण्यात बघा, काही दिवशी ते पूर्णविराम-स्वल्पविराम टाकून नीट इंग्रजी लिहितात, काही दिवशी सगळं छोट्या लिपीत, ‘u’ आणि ‘ur’ लिहून. एकाच माणसाची लिहिण्याची सवय एका रात्रीत अशी बदलत नाही.

चौथ्या आठवड्यात ‘आपलं’ भविष्य येतं. इंदूरला घर घेऊ, सकाळी नेहरू पार्कला फिरायला जाऊ. आणि त्याच गप्पांत, अगदी काळजीच्या सुरात: तुझं पेन्शनचं काय? घर तुझ्या नावावर आहे ना? यजमानांचे पैसे सुरक्षित ठेवले आहेस ना, कुणाच्या हाती देऊ नकोस. तुम्ही विश्वासाने लिहिलंत, तीन लाखांची एफडी आहे, मुलाच्या लग्नासाठी ठेवली आहे. दुसरी मागणी २ लाख ९० हजारांची आहे.

पाचव्या आठवड्यात एक गोष्ट घडली, ती तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण बोलण्यात आहे. त्यांचं कार्ड बंद पडलं, तुम्ही होऊन मदत देऊ केलीत, आणि त्यांनी नकार दिला: ‘तुझ्याकडून पैसे घेतले तर मी स्वतःच्या नजरेतून उतरेन.’ त्या एका वाक्याने तुमच्या मनातली शेवटची शंका गेली असणार. यावर मी मुद्दाम थांबते, कारण पैसे मागणारा फसवा असतो हे आपण सगळे जाणतो, पैसे नाकारणाराही फसवा असू शकतो हे लक्षात येत नाही. त्या नकाराने त्यांचं काही गेलं नाही. पुढे मोठी रक्कम मागताना ‘हा माणूस लोभी नाही, पूर्वी त्याने नाही म्हटलं होतं’ असा साक्षीदार तुमच्याच मनात उभा राहिला. आणि मोठी रक्कम त्यांनी स्वतः मागितलीच नाही. ती मागितली कस्टम्सच्या मॅडमनी. ते फक्त रडले. मागणारी परकी, रडणारा आपला. म्हणून तुमचा राग मॅडमकडे गेला आणि दया त्यांच्याकडे. दोन्ही फोन एकाच बाजूने येत होते.

आता तो बाजूला ठेवलेला प्रश्न घेते, डॉक्टर खरे की खोटे. तुम्ही लिहिता की चौकशी करणं म्हणजे त्यांचा अपमान केल्यासारखं वाटलं. आपल्याकडे मुलीचं स्थळ आलं की गावाला माणूस पाठवून चौकशी होते, आणि त्यात कुणी अपमान मानत नाही. जो माणूस चौकशीने दुखावला जाऊन अबोला धरतो, त्याने तुम्हाला उत्तर दिलेलंच असतं.

ब्रिटनमध्ये डॉक्टरकी करायची तर जनरल मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी लागते आणि ती यादी gmc-uk.org वर कुणालाही फुकट बघता येते. तुम्ही दिलेल्या नावाने मी शोधलं. त्या नावाचा एकही डॉक्टर यादीत नाही. पण सावध राहा, नाव सापडलं असतं तरी ते सिद्ध करत नाही, कारण खऱ्या डॉक्टरचं नाव आणि फोटो चोरून वापरतातच. नाव नसणं हा पक्का पुरावा आहे, नाव असणं हा नाही. फोटोचंही तसंच. गूगल लेन्सवर तो फोटो दुसऱ्याच माणसाच्या नावाने निघाला तर प्रश्नच मिटला. काहीच निघालं नाही तर एवढंच की फोटो कुणाच्या खासगी खात्यातून उचललेला असेल, किंवा हल्ली तो यंत्राने तयार केलेलाही असू शकतो.

यापेक्षा सोपी खूण तुमच्या मोबाइलमध्येच आहे. त्यांचा ‘गुड मॉर्निंग’ तुम्हाला रोज सकाळी साडेसहाच्या सुमाराला येतो, तुम्ही शाळेला निघण्याआधी. लंडनचं घड्याळ आपल्या मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे हा सर्जन रोज रात्री एक-दोन वाजता जागून तुम्हाला सकाळच्या शुभेच्छा देतो, आणि तुमच्या चहाच्या वेळी, जेव्हा तिथे दुपारचे अकरा-बारा वाजलेले असतात, तासभर निवांत गप्पा मारतो. ऑपरेशन करणाऱ्या माणसाला एखाददिवस जमेल. नऊ आठवडे नाही. वाचकहो, परदेशातल्या ओळखीच्या बाबतीत हा हिशोब कुणालाही करता येतो, त्याला तांत्रिक ज्ञान लागत नाही. नंबरही बघा. त्यांचा नंबर +44 70 ने सुरू होतो. ब्रिटनमध्ये हे आकडे साध्या मोबाइलचे नसतात, तिथून फोन जगात कुठेही वळवता येतो. साधा +44 चा नंबर असला तरी तो भाड्याने मिळतो, तेव्हा नंबरवरून माणूस लंडनला आहे असं धरू नये.

व्हिडिओ कॉल दोनदा झाला, दोन्ही वेळा वीस सेकंदांत तुटला, चेहरा धूसर. हॉस्पिटलचं नेटवर्क खराब, हे कारण एकदा चालून जातं. विमानाचं तिकीट त्यांनी पीडीएफ करून पाठवलं. त्यावरचा पीएनआर आणि आडनाव त्या विमान कंपनीच्या साइटवर तुम्ही स्वतः टाकून बघितलं असतंत तर मंगळवारच्या आधीच कळलं असतं. आता टाकून बघितलंत तरी हरकत नाही, तुमच्या मनाच्या समाधानासाठी. मी टाकून पाहिलं, बुकिंग सापडलं नाही.

एवढ्यावर तुम्ही विचाराल, मग ते नऊ आठवडे सगळेच खोटे? तुमच्या बाजूचे खरे होते. तुम्ही जे बोललात, जशी वाट बघितलीत, ते तुमचं आहे. पण त्या नावाचा, त्या चेहऱ्याचा माणूस विमानतळावर बसलेला नाही. तुम्ही हात वर केलेत म्हणून कुणी अटकेत जाणार नाही. तुमच्या प्रश्नाचं माझ्यापाशी असलेलं सगळ्यात स्पष्ट उत्तर हे आहे.

आता कामाचं. १९३० हा केंद्र सरकारचा आर्थिक सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. तिथे तुमचं खातं कोणत्या बँकेत, किती वाजता किती रक्कम गेली आणि व्यवहाराचा नंबर विचारतात. यूपीआयचा असेल तर तो बारा आकडी नंबर व्यवहाराच्या तपशिलात मिळतो. तक्रार नोंदली की ती समोरच्या बँकेकडे जाते आणि त्या खात्यात जे उरलं असेल ते गोठवता येतं. पैसे पुढच्या खात्यात गेले असले तर तिथपर्यंतही माग काढतात. म्हणून पहिल्या तासाला इतकं महत्त्व आहे. तुमच्या बाबतीत तीन दिवस गेले होते, रक्कम पूर्ण परत मिळेल अशी आशा मी दाखवणार नाही. तरीही तक्रार हवीच, कारण त्याच खात्यात उद्या दुसऱ्या कुणा ताईचे पैसे येणार असतात. शनिवारी तुम्ही तक्रार नोंदलीत हे छान केलंत. मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवा आणि cybercrime.gov.in वर त्याच तक्रारीत स्क्रीनशॉट, ते बनावट पत्र आणि दोन्ही फोन नंबर जोडा. आपल्या बँकेच्या शाखेतही लेखी कळवा आणि प्रतीवर पोच घ्या.

बँकेकडून एक गोष्ट ऐकायला मिळेल, ती आधीच सांगते म्हणजे धक्का बसणार नाही. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे की ग्राहकाच्या नकळत खात्यातून पैसे गेले आणि त्याने वेळेत कळवलं तर नुकसान बँकेकडे. इथे पिन तुम्ही स्वतः टाकलात, म्हणून तो नियम लागू होत नाही असं ते म्हणतील, आणि नियमाच्या शब्दांत ते बरोबर आहे. पैसे गोठले असतील तरी ते परत मिळायला वेळ लागतो. पोलिसांत गुन्हा नोंदवताना माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ डी हे कलम, संगणक किंवा मोबाइल वापरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवण्याचं, विचारून घ्या. ठाण्यात कुणी ‘या वयात हे काय’ असं म्हटलं तर खाली बघू नका. गुन्हा त्यांनी केला आहे.

त्यांना जाब विचारू नका. ‘मला सगळं कळलं’ असं कळवलंत की ते नंबर बंद करतील. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये त्या संभाषणात जाऊन Export chat निवडा, पूर्ण बोलणं मुलाच्या किंवा स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, आणि मगच ब्लॉक करा. चिडून पुसून टाकू नका, तोच तुमचा पुरावा आहे. फोटो पाठवले असतील, तुम्हाला लाज वाटेल असे, आणि त्यावरून धमकी आली, तर पैसे देऊन ती थांबत नाही, ती वेगळी तक्रार म्हणून त्याच पोर्टलवर नोंदवा.

मुलाविषयी. ‘इतक्यात सांगू नकोस’ हे शब्द या सगळ्या प्रकरणातले सगळ्यात महागडे शब्द आहेत. मुलाने पाच मिनिटांत तुम्हाला थांबवलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. तुम्हाला भीती आहे ती पैशांपेक्षा लग्नाच्या साइटवर नाव नोंदवल्याचं कळेल याची, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. दोन्ही गोष्टी एकत्र सांगू नका म्हणजे सोपं जाईल. आधी एवढंच: ‘माझी ४८ हजारांची फसवणूक झाली आहे, तक्रार केली आहे, मला तुझी मदत हवी आहे.’ साइटचं सांगणं नंतर, तुम्हाला वाटेल तेव्हा, आणि ते माफी मागण्याच्या सुरात नको. चौपन्नाव्या वर्षी सोबत हवीशी वाटणं हा तुमचा हक्क आहे. पुढे पुन्हा नाव नोंदवलंत तर मी तुम्हाला अडवणार नाही. एवढं करा की पंधरा दिवसांत समोरासमोर भेट ठरवा, इंदूरमध्ये, छप्पन दुकानसारख्या गर्दीच्या ठिकाणी, एखादी मैत्रीण बरोबर घेऊन. भेट सतत पुढे ढकलली गेली तर ते स्थळ तिथेच सोडा. आणि ज्याच्यासमोर बसून तुम्ही चहा प्यायला नाहीत त्याला पैसे द्यायचे नाहीत, आजारपण असो, अपघात असो की अटक. हा नियम आधी ठरवून ठेवला की रडणारा फोन आल्यावर त्या क्षणी काही ठरवायला लागत नाही.

आणखी एक नियम, एफडी असणाऱ्या सगळ्यांसाठी: एफडी मुदतीआधी मोडायची वेळ आली तर मोबाइलवरून मोडू नका, शाखेत जा. काउंटरवरचा माणूस ‘कशासाठी?’ असं विचारेल. त्या प्रश्नाचं उत्तर त्याला मोकळेपणाने देता येत नसेल तर घरी परत या.

येत्या काही आठवड्यांत तुम्हाला दोन प्रकारचे फोन येऊ शकतात. पहिला त्यांचाच, बहुधा नव्या नंबरवरून: मी कबूल करतो, सुरुवात फसवायला केली होती, पण आता खरंच जीव जडला आहे, मला यातून बाहेर काढ. हाही त्यांचा ठरलेला पुढचा टप्पा असतो, आणि त्याच्या शेवटी पुन्हा रक्कम असते. दुसरा फोन एखाद्या ‘सायबर अधिकाऱ्याचा’ किंवा वकिलाचा, तुमची तक्रार आमच्याकडे आली आहे, ४८,५०० सापडले आहेत, प्रक्रिया शुल्क साडेतीन हजार भरा. फसलेल्यांच्या याद्या या लोकांत विकल्या जातात, म्हणून त्याला तुमची रक्कम अचूक माहीत असेल. पैसे परत देण्यासाठी पोलीस पैसे घेत नाहीत. काही न बोलता फोन ठेवा, नंबर लिहून घ्या आणि त्याच तक्रार क्रमांकाखाली जोडा.